फीचे डॉलर कधी घ्यायचे? डॉलर-रुपयाचा चार्ट कसा वापरावा आणि कुठे बंद करावा

वडोदऱ्यात आमच्या डांडिया बाजारात दर तिसऱ्या घरातलं कुणीतरी परदेशात शिकतंय. त्यामुळे ऑक्टोबर आणि जून आले की सेव-उसळीच्या टेबलावर एकच विषय निघतो: डॉलर आज घेऊ की थांबू? मोबाईलवर चार्ट उघडलेला असतो आणि प्रत्येकाला त्यात काहीतरी दिसत असतं. मी सत्तावीस वर्षं हिशेब-टॅक्सचं काम करतो. परदेशात पैसे पाठवताना बँकेला द्यावे लागणारे ए-२ फॉर्म लोकांना भरून देतो, म्हणून लोक मलाही विचारतात. आणि मीही, कबूल करतो, चार्टवर रेघा आखून देत आलो.

त्यातलीच एक रेघ माझ्या भाऊजींना चाळीस हजारांच्या आसपास महाग पडली. पुढचा सगळा लेख त्या रेघेमुळेच लिहिला आहे.

भाचीला अमेरिकेत एमएसच्या दुसऱ्या वर्षाची फी भरायची होती. १८,००० डॉलर, मुदत १२ जानेवारी २०२६. भाऊजींची एफडी ऑक्टोबर २०२५च्या मध्यात मोडली आणि पैसे खात्यात आले. म्हणजे हाताशी जवळपास तीन महिने होते. या एका उदाहरणावर सगळ्या पायऱ्या बघू. रक्कम मोठी असो की लहान, क्रम हाच राहतो.

पहिली पायरी: शेवटची तारीख मागून मोजा

चार्ट उघडायच्या आधी कॅलेंडर उघडा. विद्यापीठाची मुदत १२ जानेवारी असली तरी तुमची खरी मुदत ती नाही. पैसे पोचायला साधारण एक ते तीन कामाचे दिवस लागतात, मधे तिकडची सुट्टी, शनिवार-रविवार आणि इथली सुट्टी येते. पोचल्यावर विद्यापीठाच्या खात्यात तुमच्या मुलाच्या नावे जमा दिसायला आणखी दोन-तीन दिवस जातात. ए-२ फॉर्ममध्ये एखादी चूक निघाली की बँक तो परत पाठवते, तो दिवस वेगळा. नाताळ ते नववर्ष हा काळ तर धरूच नका.

भाऊजींच्या बाबतीत मी शेवटचा सुरक्षित दिवस २६ डिसेंबर धरला. त्यानंतर चार्ट काहीही म्हणो, पैसे गेलेच पाहिजेत. ही तारीख कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा, थट्टा नाही. चार्ट बघून निर्णय घेणाऱ्यांचा सगळ्यात मोठा तोटा चुकीच्या भावाने होत नाही, मुदत संपताना हाताला लागेल त्या भावाने घ्यायला लागल्यामुळे होतो.

याच वेळी कागदपत्रं तयार ठेवा: विद्यापीठाचं फीचं बिल, आय-२०, पासपोर्टची प्रत, पॅन. ए-२ फॉर्मवर शिक्षणाचा पर्पज कोड लिहावा लागतो, आपल्यासाठी `S0305`. हे सगळं बँकेत आधीच तपासून घेतलं, तर भाव पटला त्याच दिवशी पैसे पाठवता येतात. नाहीतर भाव सापडतो आणि फॉर्म सापडत नाही.

टीसीएसचंही, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक कापते त्या कराचंही, आताच बघून घ्या. एलआरएस या परदेशात पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली एका माणसाला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत पाठवता येतात. पण १ एप्रिल २०२५पासून वर्षाला दहा लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक टीसीएस कापते. मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलं तर तो कापत नाहीत. ही दहा लाखांची मर्यादा सगळ्या बँका मिळून वर्षभराची असते. तेव्हा रक्कम तुकड्यांत पाठवल्याने टीसीएस वाचत नाही. आई आणि वडील दोघांनी आपापल्या पैशातून, आपापल्या खात्यातून पाठवलं, तर मात्र दोघांची मर्यादा वेगळी मोजतात. टीसीएसचा दर बजेटमध्ये बदलत राहतो, तो त्या दिवशी बँकेलाच विचारा. कापलेले पैसे रिटर्न भरताना मिळतात, पण तोपर्यंत ते अडकलेले असतात आणि खात्यात तेवढी जादा रक्कम लागते.

दुसरी पायरी: चार्टवरचा भाव तुमचा नाही

हा भाग नीट वाचा, कारण बहुतेक लोक इथेच पैसे सोडतात आणि मग चार्टवर दहा-दहा पैसे शोधत बसतात.

मोबाईलवर दिसतो तो बँका आपसात ज्या भावाने डॉलर घेतात-विकतात तो, त्याला इंटरबँक रेट म्हणतात. तुम्हाला मिळतो तो टीटी सेलिंग रेट. मधला फरक बँकेचा. भाऊजींनी ३१ ऑक्टोबरला बँकेच्या अ‍ॅपवर भाव बघितला. त्या दिवशी बाजारात डॉलर सुमारे ८८.७७ला होता आणि अ‍ॅपवर ८९.७५. म्हणजे डॉलरमागे ९८ पैसे. १८,००० डॉलरवर १७,६४० रुपये, आणि हे नक्की जाणारे पैसे. चार्टवरची कमाई ‘कदाचित’ असते, हा खर्च ‘कदाचित’ नसतो.

करायचं काय, तर अ‍ॅपवरचा भाव घ्यायचा नाही. अलकापुरीत मोठ्या शाखांमध्ये फॉरेक्सचं काउंटर असतं. तिथे जाऊन सांगायचं, ‘अमुक डॉलर पाठवायचे आहेत, ट्रेझरीकडून रेट मागवा.’ सकाळी साडेनऊ-दहाच्या पुढे जा. इंटरबँक बाजार नऊला उघडतो आणि साडेतीनला बंद होतो. बंद झाल्यावर बँक सावध भाव देते, कारण उद्या सकाळी बाजार कुठे उघडेल हे तिला माहीत नसतं. दुपारी एफबीआयएल ही संस्था डॉलरचा त्या दिवसाचा संदर्भ दर जाहीर करते, तो तुमचा मोजायचा गज. बँकेने दिलेला भाव त्याच्यापेक्षा किती पैसे वर आहे, तेवढंच विचारायचं आणि दुसऱ्या बँकेतही विचारायचं. आम्हाला अशा रीतीने डॉलरमागे चाळीसेक पैशांच्या फरकाने भाव मिळाला. ९८च्या जागी ३८ पैसे धरले तर १८,००० डॉलरवर १०,८०० रुपये वाचतात. दोन फोन आणि एक चक्कर. कुठलाही चार्ट खात्रीने एवढं देत नाही.

विद्यापीठाच्या पोर्टलवर पेमेंट पार्टनर असतो, तो थेट रुपयांत आकडा दाखवतो आणि दोन-तीन दिवस तो भाव धरून ठेवतो. सोयीचं आहे. फक्त तो रुपयांचा आकडा डॉलरने भागा आणि त्याच वेळच्या इंटरबँक भावाशी तुलना करा. ‘शून्य शुल्क’ असं लिहिलेलं असलं तरी शुल्क भावात बसलेलं असू शकतं.

तिसरी पायरी: चार्ट उघडा, पण मोजायला

आता चार्ट. कुठल्याही चार्टिंग साइटवर `USDINR` टाका. मेणबत्त्या, म्हणजे भाव दाखवणाऱ्या उभ्या पट्ट्या, रोजच्या ठेवा, मुदत एक वर्षाची. पंधरा मिनिटांचा चार्ट ट्रेडरसाठी असतो, आपण वर्षातून दोनदा डॉलर घेणारे. आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा: रेघ वर गेली म्हणजे रुपया पडला, आपल्याला डॉलर महाग. शेअरची सवय असलेले लोक वर जाणारी रेघ बघून खूश होतात, असं मी प्रत्यक्ष पाहिलंय.

आणखी एक गंमत. वेगवेगळ्या साइटवर त्याच दिवसाच्या मेणबत्तीची वात, म्हणजे सगळ्यात वरचा-खालचा भाव दाखवणारी बारीक रेघ, वेगळी दिसते. रुपयाचे वायदे सिंगापूर-लंडनमध्ये रात्रीही चालतात, काही साइट तो भावही धरतात. तेव्हा ‘काल ८७.६०ला गेला होता’ असं कुणी म्हणालं, तर तो भाव तुम्हाला कुठल्याही बँकेने दिला नसता. वाती सोडा, बंद भाव बघा.

चार्टवरून मी आता एकच गोष्ट काढतो: डॉलर एका दिवसात साधारण किती हलतो. त्यासाठी एटीआर नावाचं इंडिकेटर आहे, पण वातींच्या गोंधळामुळे मी शीटमध्येच मोजतो. एफबीआयएलचे गेल्या एकसष्ट कामाच्या दिवसांचे दर बी स्तंभात, B2पासून खाली उतरवायचे आणि रोजच्या फरकाची सरासरी काढायची. वर गेला की खाली, ते बघायचं नाही, फक्त किती:

```
=ARRAYFORMULA(AVERAGE(ABS(B3:B62-B2:B61)))
```

समजा उत्तर ०.२० आलं, म्हणजे रोज सरासरी वीस पैसे. आता तीस कामाच्या दिवसांत डॉलर किती सरकू शकेल? वीस गुणिले तीस, सहा रुपये? नाही. रोज एकाच दिशेला जात नाही, पुढे-मागे होतो. अशा भटकण्याचा अंदाज दिवसांच्या वर्गमुळाने काढतात. तीसचं वर्गमूळ साधारण साडेपाच, म्हणजे वीस पैसे गुणिले साडेपाच, एक रुपया दहा पैसे. १८,००० डॉलरवर १९,८०० रुपये.

हा आकडा समोर ठेवून मग विचार करा. महिना-दीड महिना थांबलात, तर साधारण वीस हजार रुपये इकडे किंवा तिकडे जाऊ शकतात. ही सरासरी आहे, कधी दुप्पटही जातील. कुठल्या बाजूला जातील हे या आकड्यात नाही. पण ‘वीस हजार जादा लागले तर आपल्याकडे आहेत का?’ हा प्रश्न त्यातून निघतो, आणि त्याचं उत्तर प्रत्येक घरात वेगळं असतं. नसतील, तर थांबण्याचा विषय तिथेच संपला, आजच घ्या.

दुसऱ्या बाजूचा हिशेबही करा. सोळा लाख रुपये सहा टक्क्यांच्या एफडीत असतील तर महिन्याला आठ हजार व्याज मिळतं, म्हणजे डॉलरमागे चव्वेचाळीस पैसे. महिनाभरात डॉलर तेवढा चढला तरी तुमचं नुकसान नाही. तेच पैसे अडीच टक्क्यांच्या बचत खात्यात पडून असतील तर हा आधार अठरा-एकोणीस पैशांवर येतो. भाऊजींचे बचत खात्यात पडून होते. थांबायचंच असेल तर निदान स्वीप एफडीत ठेवा. उलट, कर्ज मंजूर झालेलं असेल तर व्याज पैसे उचलल्यापासून सुरू होतं, म्हणून उगाच लवकर उचलू नका.

चौथी पायरी: सपाट छत दिसलं तर ते कुणाचं आहे ते ओळखा

आता ती रेघ.

ऑक्टोबर २०२५च्या चार्टमध्ये एक विलक्षण गोष्ट दिसत होती. सप्टेंबरच्या शेवटापासून डॉलर ८८.८०पर्यंत जायचा आणि थांबायचा. पुन्हा जायचा, पुन्हा थांबायचा. छताला डोकं आपटावं तसं. तांत्रिक विश्लेषणाच्या पुस्तकात याला रेझिस्टन्स म्हणतात. जितक्या वेळा भाव तिथून परतेल तितका तो भक्कम, असं शिकवतात. मी भाऊजींच्या कागदावर ८८.८०ला पट्टीने रेघ मारली आणि म्हणालो, ‘भाऊजी, याच्या वर जात नाही. खाली येईल तेव्हा घ्या.’

आलाही. १५ ऑक्टोबरला एका दिवसात सत्तर पैशांच्या आसपास उतरला आणि १७ तारखेला ८८च्या किंचित खाली बंद झाला. भाऊजींचा फोन आला, ‘अरे, घेऊ का?’ मी चार्ट बघून म्हणालो, पन्नास दिवसांच्या सरासरीच्या जवळ आलाय, ती तोडली तर साडेसत्याऐंशी दिसेल. थांबा.

साडेसत्याऐंशी काही दिसलं नाही. महिनाअखेर पुन्हा ८८.७७. मग तीन आठवडे छताखाली. २१ नोव्हेंबरला दुपारनंतर छत गेलं, आणि त्याच दिवशी डॉलर ८९.४०च्या वर गेला. ३ डिसेंबरला नव्वद पार. १६ डिसेंबरला एक्क्याण्णव. त्या दुपारी टीव्हीवर बातमी बघून ताईने भाऊजींना सांगितलं, ‘आता तरी पाठवा हो, शंभर व्हायची वाट बघताय का?’ त्या दिवशीच्या भावाने, सुमारे ९१.०३ अधिक बँकेचा फरक, त्यांनी सगळेच्या सगळे डॉलर घेतले. १७ तारखेला रिझर्व्ह बँकेने जोरात डॉलर विकले आणि भाव साडेनव्वदच्या खाली आला. १९ला ८९.३०च्या आसपास होता.

माझं चुकलं कुठे? रेघ चार्टवर बरोबरच होती. चुकीचं होतं ते तिचं कारण. शेअरच्या चार्टवर रेझिस्टन्स हजारो लोकांच्या विक्रीतून होतो. रुपयाच्या चार्टवर असं सपाट छत दिसलं, तर बहुधा तिथे एकच मोठा विक्रेता उभा असतो, रिझर्व्ह बँक. ती सरकारी बँकांमार्फत डॉलर विकते, कधी बाजार उघडायच्या आधीही. तिचं सांगणं असतं की कुठलीही विशिष्ट पातळी ती धरत नाही, फक्त अतिरेकी चढउतार आवरते. पण ती विकणं कधी थांबवेल, ते चार्टवर आधी लिहिलेलं नसतं. असं छत आठवडेच्या आठवडे टिकतं, कारण विकणाऱ्याकडे डॉलर भरपूर असतात. आणि जेव्हा जातं तेव्हा हळूहळू जात नाही, कारण छताखाली थांबलेले सगळे आयातदार एकदम डॉलर घ्यायला धावतात. भाऊजी त्यांच्यातच उभे होते.

हे नवीन नव्हतं. ऑक्टोबर २०२२मध्ये डॉलर ८३ पार गेला आणि त्यानंतर २०२३चं जवळपास सगळं वर्ष एक्क्याऐंशी ते साडेत्र्याऐंशीच्या मधे गेलं. त्या वर्षी भाव किती पसरतोय ते दाखवणारे बोलिंजर बँड इतके आवळले होते की चार्ट मेल्यासारखा दिसायचा. त्या शांततेवरून ‘रुपया आता स्थिर झाला’ असं मत बनवलेल्यांना २०२५ कळलंच नाही. उलटं उदाहरण २०१३चं. मे महिन्यात चौपन्न-पंचावन्नच्या घरात असलेला डॉलर २८ ऑगस्टला ६८च्या वर गेला आणि ऑक्टोबरपर्यंत पुन्हा एकसष्ट-बासष्टला आला. ऑगस्टच्या शेवटी घाबरून घेणाऱ्यांचा भाव वर्षातला सगळ्यात वाईट होता. भाऊजींच्या १६ डिसेंबरचा हा थोरला भाऊ.

म्हणून माझा आताचा नियम असा आहे: सपाट छत दिसलं, तर ‘इथून खाली येईल’ असं वाचायचं नाही. ‘इथे एक दार आहे, कधी उघडेल माहीत नाही, आणि उघडलं तर मी वाईट बाजूला आहे’ असं वाचायचं. छताच्या जवळ असताना थांबण्यात मिळकत दहा-वीस पैशांची, जोखीम रुपयाची.

आरएसआई या, भावाच्या चढ-उताराचा जोर शून्य ते शंभरमध्ये मोजणाऱ्या इंडिकेटरचंही थोडक्यात सांगतो. सत्तरच्या वर गेला म्हणजे डॉलर ‘जास्त चढलाय, उतरेल’ असं लोक समजतात. एका दिशेने चाललेल्या बाजारात तो आठवडेभर सत्तरच्या वर बसू शकतो. आणि कुठल्याही इंडिकेटरला उद्याची बातमी कळत नाही. फेब्रुवारी २०२६च्या सुरुवातीला भारत-अमेरिका व्यापार कराराची घोषणा रात्री झाली आणि ३ तारखेला सकाळी डॉलर आदल्या दिवसापेक्षा रुपयाहून अधिक खाली उघडला. आदल्या संध्याकाळचा चार्ट बघून हे सांगता आलं असतं असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय.

दीर्घ चार्टकडे मात्र एकदा जरूर बघा. २०११च्या सुरुवातीला डॉलर पंचेचाळीसच्या आसपास होता, २०२५च्या डिसेंबरात नव्वद. मधे कितीही उतार आले तरी कल वरचा आहे. ‘जुन्या भावाला परत येईल’ ही आशा जितकी लांबवाल तितकी ती तुमच्या विरुद्ध जाते.

पाचवी पायरी: तुकडे करा आणि तारखा आधी लिहा

दिशा कळत नाही हे मान्य केलं की पुढचं सोपं आहे. रक्कम तीन भागांत घ्यायची. १८,०००चे तीन सहा हजार. पहिला भाग पैसे हाती आले की दोन दिवसांत. तिसरा भाग फ्रिजवर लिहिलेल्या तारखेला. दुसरा मधोमध. हे तुकडे विद्यापीठाला पाठवायची गरज नाही. मुलाच्या तिकडच्या बँक खात्यात पाठवले की तो एकदम फी भरतो. पर्पज कोड तोच राहील का, एवढं बँकेला विचारून घ्या.

यात चार्टला मी एकच अधिकार देतो. डॉलर पहिल्या भागाच्या भावापेक्षा रोजच्या सरासरी हालचालीच्या तिप्पट खाली आला, आपल्या उदाहरणात साठ पैसे, तर पुढचा भाग त्याच दिवशी घ्यायचा. वर गेला तर काहीही करायचं नाही, तारीख येईल तेव्हा घ्यायचा. मागे ढकलायची परवानगी नाहीच. एवढा एकतर्फी नियम का? तर पुढे ओढलं की जोखीम कमी होते, मागे ढकललं की वाढते. आणि मागे ढकलायचं कारण माणसाला नेहमी सापडतं, मला पन्नास दिवसांची सरासरी सापडली होती तसं.

भाऊजींच्या बाबतीत हे चालवून बघितलं. १७ ऑक्टोबरला सुमारे ८८, २० नोव्हेंबरला सुमारे ८८.७०, २६ डिसेंबरला सुमारे ८९.८५. सरासरी ८८.८५, बँकेचा फरक सोडून एकूण १५,९९,३०० रुपये. सगळे १६ डिसेंबरला घेतले ते १६,३८,५४०. फरक ३९,२४० रुपये. पण खरं सांगायचं तर सगळे १७ ऑक्टोबरलाच घेतले असते, तर १५,८४,०००मध्ये काम झालं असतं. तुकड्यांना त्यापेक्षा पंधरा हजार जास्त लागले. शिवाय मधली तारीख छत तुटायच्या बरोबर आदल्या दिवशी पडली, हे नशीब. एक दिवस उशिरा पडली असती तर त्या भागाला आणखी चारेक हजार लागले असते. तुकड्यांतून उत्तम भाव मिळत नाही. सगळ्यात वाईट दिवशी सगळे पैसे गेले, असं होत नाही, एवढंच.

तुकड्यांचा खर्चही मोजा. रुपयांतून डॉलर करताना जीएसटी लागतो आणि त्याचे टप्पे असे आहेत की मोठ्या एका रकमेवर तो प्रमाणात कमी पडतो. सोळा लाख एकदम पाठवले तर साधारण ११०० रुपये, तीन भागांत सुमारे १७००. त्यावर प्रत्येक वेळी बँकेचं स्विफ्ट शुल्क. हजार रुपये धरा, म्हणजे दोन जादा वेळांचे दोन हजार. एकूण सव्वीसशेच्या आसपास, डॉलरमागे चौदा-पंधरा पैसे. १८,०००ला हे परवडतं. पाच हजार डॉलर पाठवायचे असतील तर तुकडे करू नका, एकदाच भाव ठरवून पाठवा आणि मोकळे व्हा.

कुणी म्हणेल, एवढं करण्यापेक्षा एक्सचेंजवर डॉलरचे फ्युचर्स घेऊन भाव बांधावा. एक लॉट हजार डॉलरचा असतो, आणि मे २०२४पासून प्रत्यक्ष देणं असेल तरच तिथे उभं राहायचं, हे स्पष्ट झालंय. फी हे प्रत्यक्ष देणं आहे, त्यामुळे मनाई नाही. पण मार्जिन भरा, दर महिन्याला सौदा पुढे न्या, उलट गेला की रोज पैसे भरा, हे सगळं मुलीच्या फीसाठी करणारा वडोदऱ्यात मला एकही बाप भेटला नाही. आणि मोबाईलवर ‘फॉरेक्स ट्रेडिंग’ शिकवणारी परदेशी अ‍ॅप्स येतात, त्यांना तर हातही लावू नका. परवानगी नसलेल्या अशा प्लॅटफॉर्मची यादीच रिझर्व्ह बँकेने काढली आहे.

सहावी पायरी: डील झाली की चार्ट बंद, पण काम संपलेलं नाही

भाव ठरला की काउंटरवर तो आकडा लिहून घ्या. तोंडी ‘एकोणनव्वद पंधरा’ आणि पावतीवर ‘एकोणनव्वद पंचेचाळीस’ हा प्रकार माझ्या एका ग्राहकाच्या बाबतीत झाला. तोंडी भाव किती मिनिटं चालेल हे त्याने विचारलं नव्हतं, बँकेपुढे बोलायला जागा उरली नाही.

दुसरी गोष्ट, परदेशी बँकेचा खर्च कोण देणार याचा रकाना ए-२बरोबरच्या अर्जावर असतो. तीन पर्याय असतात: सगळा तुम्ही, वाटून, किंवा पैसे घेणाऱ्याने. फीसाठी ‘सगळा पाठवणारा देईल’ हाच निवडा, पर्याय `OUR`. मधली बँक आपले डॉलर कापून घेते, ते त्यातून बरेचसे टळतात. बरेचसे म्हटलं, सगळे नाही.

भाऊजींनी १६ डिसेंबरच्या घाईत तो रकाना रिकामाच सोडला आणि काउंटरवरच्या माणसाने ‘वाटून’वर खूण केली. १८,०००पैकी १७,९७५ पोचले. विद्यापीठाने पंचवीस डॉलर बाकी दाखवून भाचीच्या नोंदणीला होल्ड लावला. दोन महिने चार्टचा कीस काढणाऱ्या आम्हा दोघांपैकी एकानेही ते पोर्टल उघडून बघितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी भाचीचाच फोन आला, ‘मामा, माझ्या कार्डावरून भरले पंचवीस. बाबांना सांगू नकोस, नाहीतर ते आजचा रेट विचारतील.’